तीस ऑपरेटरांची भरती आणि माझे एक पत्र

जून २०२४ मध्ये बुटीबोरीच्या एका कारखान्याने ऑपरेटरांच्या भरतीची जाहिरात दिली. ती वाचून मी तिथल्या प्रशिक्षण अधिकाऱ्यांना पत्र लिहिले आणि ऑगस्टच्या अखेरीस त्या कामाचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले. या तीन महिन्यांचा आणि त्याआधी फसलेल्या एका प्रयत्नाचा हिशेब येथे मांडत आहे. माझ्यासारखे एकट्याने काम करणारे अनेक जण एखाद्या कंपनीची घोषणा वाचतात, आपल्याला येथे काम मिळू शकेल असे त्यांना वाटते, पण काय लिहावे आणि कोणाला लिहावे हे कळत नसल्यामुळे ते थांबतात. मी स्वतः दोन वर्षे अशीच थांबले होते.

माझे काम आधी सांगते. मी नागपुरात मनीषनगरला राहते. आठ वर्षे एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात नोकरी केल्यानंतर मी कारखान्यांच्या एसओपी, म्हणजे यंत्रावरचे काम कोणत्या क्रमाने आणि कोणती काळजी घेऊन करायचे ते सांगणारे कागद, मराठी आणि हिंदीत तयार करून देऊ लागले. मूळ कागद बहुधा इंग्रजीत असतो आणि तो यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने लिहिलेला असतो. यंत्रापुढे उभा राहणारा मुलगा मात्र आयटीआय करून आलेला, काटोल, उमरेड किंवा सावनेरकडचा असतो. या दोघांमधले अंतर भरून काढणे हे माझे काम आहे.

पहिला प्रयत्न फेब्रुवारीत झाला. ८ फेब्रुवारीला वर्तमानपत्रात वाचले की, आमच्या भागातल्या एका खाद्यपदार्थ कंपनीने नवे उत्पादन बाजारात आणले आहे. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या संकेतस्थळावरच्या सामाईक पत्त्यावर मेल पाठवला. विषयात ‘हार्दिक अभिनंदन’ असे लिहिले होते, पहिल्या परिच्छेदात उत्पादनाचे कौतुक होते, दुसऱ्यात माझी ओळख आणि तिसऱ्यात मराठी लेबल व माहितीपत्रके करून देण्याची तयारी. सोबत चार एमबीची परिचयपत्रिका जोडली होती. उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी आठवण करून दिली, त्यालाही उत्तर आले नाही. मार्चमध्ये तिसरा मेल पाठवताना माझी मलाच लाज वाटली, म्हणून तो लिहून पुसून टाकला.

यात काय चुकले ते मला महाल भागात छापखाना चालवणाऱ्या आमच्या परिचित काकांकडून कळले. सहज बोलता बोलता ते म्हणाले, “अगं, माल दुकानात आला म्हणजे त्याचं लेबल चार महिन्यांआधीच मंजूर होऊन छापून झालेलं असतं. तू लग्न लागल्यावर पत्रिका छापून देते म्हणत होतीस.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, कारण पुढचे सारे त्यातूनच निघाले. नवे उत्पादन आल्याची घोषणा होते, तोपर्यंत काही पुरवठादारांचे काम संपलेले असते आणि काहींचे तेव्हाच सुरू होते. लेबल, वेष्टन, साचे आणि परवाने यांची कामे घोषणेआधीच उरकलेली असतात. विक्रेत्यांचे प्रशिक्षण, दुरुस्तीची पुस्तिका आणि तक्रारींची नोंद ठेवणे ही कामे घोषणेनंतर येतात. मी उरकलेल्या कामासाठी लिहिले होते आणि तेही अशा पत्त्यावर, जिथे ते काम पाहणारे कोणी नव्हते.

भरतीच्या घोषणेचे गणित वेगळे असते. माणसे हवी आहेत असे कंपनी सांगते, तेव्हा ती माणसे अजून आलेली नसतात आणि त्यांच्या येण्यामुळे निर्माण होणारी कामेही अजून कोणाकडे गेलेली नसतात. त्यामुळे मार्चनंतर मी उत्पादनांच्या बातम्या बाजूला ठेवल्या आणि भरतीकडे लक्ष देऊ लागले. गूगल अलर्टमध्ये खालील दोन शोध साठवून ठेवले आणि लिंक्डइनवर बुटीबोरी, हिंगणा व मिहान येथील तीसेक कंपन्यांची पाने फॉलो केली.

```
"Butibori" "ITI" operator walk-in
"Hingna MIDC" ITI hiring
```

हाती येणारी प्रत्येक जाहिरात उपयोगाची नसते, हे पहिल्या दोन महिन्यांत कळले. एप्रिलमध्ये एका जाहिरातीवरच्या क्रमांकावर मी फोन केला, तर तो मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा निघाला. कोणत्या कारखान्यासाठी माणसे हवी आहेत हे त्याने सांगितले नाही, आणि सांगावे अशी अपेक्षाही चूक होती. शिवाय तो क्रमांक उमेदवारांसाठी होता, त्यामुळे त्यावर आपल्या कामाची विचारणा करणे मला स्वतःलाच प्रशस्त वाटले नाही. दुसरी जाहिरात खुद्द कंपनीची होती आणि तीत पंधरा जागा होत्या. तिच्याबद्दल लिहायला बसले, तेव्हा त्याच कंपनीच्या जुन्या जाहिराती पाहण्याची बुद्धी सुचली. हीच जाहिरात, हाच पंधराचा आकडा, जानेवारीत आणि आदल्या ऑक्टोबरमध्येही आला होता. तिथे नवे काम सुरू होत नव्हते, माणसे टिकत नव्हती. अशा ठिकाणी ‘आपला विस्तार होत असल्याचे वाचले’ असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याला ते खटकलेच असते.

गुरुवार, ६ जूनला जी जाहिरात दिसली, ती मात्र वेगळी होती. बुटीबोरीतल्या एका यंत्रभाग बनवणाऱ्या कंपनीने आपल्या पानावर लिहिले होते की, दुसऱ्या उत्पादन लाइनसाठी फिटर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडचे तीस आयटीआय ऑपरेटर घ्यायचे आहेत, काम तीन पाळ्यांत चालेल, मुलाखती १२ आणि १३ जूनला कारखान्यातच होतील आणि निवड झालेल्यांना १ जुलैला रुजू व्हावे लागेल. शेवटच्या ओळीत आणखी एक जागा होती, प्रशिक्षण समन्वयकाची.

त्या दिवशी मी काहीच लिहिले नाही, फक्त जाहिरात तीनदा वाचली आणि तिच्यातून काय समजते ते वहीत उतरवले. ‘दुसरी लाइन’ या शब्दांवरून ही रिकाम्या जागांची भरती नव्हे हे दिसत होते. कंपनीची जुनी पाने पाहिली, तर मार्चमध्ये त्यांनी नव्या शेडमध्ये यंत्रांच्या पायाचे काम सुरू झाल्याचे छायाचित्र टाकले होते आणि आदल्या वर्षभरात केवळ दोन अभियंत्यांच्या जागा निघाल्या होत्या. तीन पाळ्या म्हणजे रात्रीच्या पाळीतही नवखी मुले यंत्रावर असणार, आणि त्या वेळी विचारायला वरिष्ठ माणूस जवळ असेलच असे नाही. प्रशिक्षण समन्वयकाची जागा तेव्हाच निघाली होती, त्याअर्थी ऑपरेटर येतील त्या दिवशी त्यांना शिकवण्याची कागदपत्रे तयार करणारा माणूस बहुधा नसणार. मला या शेवटच्या ओळीने धीर दिला, कारण माझे काम नेमके त्या रिकाम्या जागेत बसत होते.

मग दिवस उलटे मोजले. यंत्र नवे असले तर सुरुवातीला दहा ते पंधरा एसओपी लागतात, हे माझ्या नोकरीतल्या अनुभवावरून माहीत होते. तेवढ्या दोन भाषांत करायला मला सुमारे बारा कामाचे दिवस लागतात. १ जुलैच्या आत ते संपवायचे, मधले रविवार आणि १७ जूनची बकरी ईदची सुट्टी सोडायची, म्हणजे शनिवारी, १५ जूनला काम सुरू व्हायला हवे होते. म्हणजे पत्र सोमवारी, १० जूनला गेलेच पाहिजे होते. ‘लवकर लिहावे’ असे म्हणणे वेगळे आणि आपल्या कामाला किती दिवस लागतात त्यावरून पत्राची तारीख काढणे वेगळे, कारण तारीख काढली की तेच पत्रातले सर्वांत खरे वाक्य होते.

पत्र कोणाला लिहायचे, हा पुढचा प्रश्न होता. जाहिरात मनुष्यबळ विभागाची होती, पण त्या आठवड्यात तो विभाग शेकडो उमेदवारांचे फोन घेत असणार, आणि एसओपी नसल्याचा त्रास त्यांना थेट होतही नाही. तो त्रास प्रशिक्षणाला आणि उत्पादनाला होतो. म्हणून १० जूनला सकाळी अकराच्या सुमारास मी कारखान्याच्या मुख्य दूरध्वनीवर फोन केला आणि नाव, गाव व काम सांगून विचारले, “नव्या ऑपरेटरांचं प्रशिक्षण सध्या कोणाकडे आहे? त्यांना एक मेल पाठवायचा आहे, त्यांच्याशी आत्ता बोलायचं नाही.” दुसऱ्या वाक्याचा उपयोग झाला असावा असे वाटते. दोन मिनिटे थांबायला लावून पलीकडच्या बाईंनी सांगितले की, समन्वयक येईपर्यंत गुणवत्ता विभागातले एक अधिकारी ते काम पाहतात, आणि त्या विभागाचा मेलचा पत्ता दिला.

मेल मी साध्या इंग्रजीत लिहिला होता. त्याचा आशय असा होता:

“महोदय, ६ जूनच्या आपल्या जाहिरातीत दुसऱ्या लाइनसाठी तीस आयटीआय ऑपरेटर १ जुलैला रुजू होणार असल्याचे आणि प्रशिक्षण समन्वयकाची जागा भरायची असल्याचे वाचले. नव्या मुलांना यंत्रावर उभे करण्याआधी त्यांना वाचून समजतील अशा एसओपी लागतात. समन्वयक रुजू होऊन ते काम हाती घेईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. मी कारखान्यांच्या एसओपी मराठी व हिंदीत, छायाचित्रांसह, यंत्राजवळ लावता येतील अशा तयार करते. त्याआधी आठ वर्षे गुणवत्ता विभागात नोकरी केली आहे. दहा ते पंधरा एसओपींना मला सुमारे बारा कामाचे दिवस लागतात, म्हणून आजच लिहीत आहे. हे काम आपल्याकडे आधीच कोणी करत असेल तर तसे एका ओळीत कळवावे. नसेल, तर नमुन्याचे एक पान पाठवू का?”

विषयाच्या ओळीत ‘१ जुलैला येणाऱ्या ३० ऑपरेटरांसाठी मराठी व हिंदी एसओपी’ एवढेच होते. अभिनंदनाचा शब्द नव्हता, जोडपत्र नव्हते, दर नव्हता. एक वाक्य मी लिहून काढून टाकले होते, त्याविषयी सांगायला हवे. फॅक्टरी अ‍ॅक्ट, १९४८ च्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यात लावायच्या कायदेशीर सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्या लागत. तो मुद्दा घातला तर पत्राला वजन येईल असे आधी वाटले. पण ते कलम त्या कायद्याखाली लावायच्या सूचनांबद्दल होते, एसओपींबद्दल नव्हते. शिवाय अनोळखी माणसाने पहिल्याच पत्रात कायद्याचा उल्लेख केला, तर ती धमकी वाटते. अर्धवट लागू पडणारा आधार घेण्यापेक्षा तो न घेतलेलाच बरा.

मंगळवार गेला, बुधवार आणि गुरुवार मुलाखतींचे होते. त्या तीन दिवसांत मी दर तासाला मेल पाहत होते आणि फेब्रुवारीची आठवण येऊन मन खट्टू होत होते. शुक्रवारी, १४ जूनला मी दुसरा मेल पाठवला. ‘माझा मेल पाहिलात का’ असे त्यात विचारले नाही. एक पानाचा नमुना जोडला आणि दोन ओळी लिहिल्या. नमुन्यात दुरुस्तीपूर्वी यंत्राचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्याची कृती होती, ज्याला कारखान्यात लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. ही कृती सगळीकडे लागते, म्हणून त्यांचे यंत्र न पाहताही मला ती लिहिता आली. डावीकडे चित्र, उजवीकडे एका वाक्यात एक कृती आणि खाली सही करण्याची जागा, एवढेच ते पान होते. दुसऱ्या मेलमध्ये नवी वस्तू देता आली पाहिजे, एवढे मी तेव्हापासून पाळते. देण्यासारखे काही नसेल तर दुसरा मेल पाठवत नाही, आणि तिसरा तर कधीच नाही.

मंगळवारी, १८ जूनला दुपारी उत्तर आले. त्यात एकच ओळ होती, ‘आज चार वाजता फोन करा.’

फोनवर त्या अधिकाऱ्यांनी जे सांगितले, ते मला आजही मोलाचे वाटते. मुलाखतीत त्यांनी प्रत्येक उमेदवाराला यंत्रपुरवठादाराच्या पुस्तिकेतले एक इंग्रजी पान वाचून कृती सांगायला लावली होती. प्रात्यक्षिकात उत्तम असलेली मुले त्या पानापाशी अडखळली. “तुमचा नमुना शुक्रवारी आला, मॅडम, आणि आम्ही गुरुवारी नेमकं हेच बोलत बसलो होतो,” असे ते म्हणाले. त्या जाहिरातीनंतर गणवेश, बस, कॅन्टीन आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्यांचे बरेच मेल आले होते आणि बहुतेकांत विस्ताराबद्दल अभिनंदन व सोबत दरपत्रक होते, असेही त्यांनी सांगितले. गणवेश आणि बस यांचीही त्यांना गरज होतीच, पण भरती करणाऱ्या कोणत्याही कारखान्याला पाठवता येतील अशी ती पत्रे असल्यामुळे ती खरेदी विभागाकडे ढकलली गेली आणि तिथेच राहिली.

निवड झालेल्या तिसांपैकी सात मुले छिंदवाडा आणि बालाघाटकडची होती, त्यामुळे हिंदीची गरज खरीच होती. नागपूरच्या आसपासच्या कारखान्यांत हे नेहमी दिसते. केवळ मराठीचा प्रस्ताव दिला असता, तर तिथेच अडले असते.

गुरुवारी, २० जूनला मी बुटीबोरीला गेले. घरापासून वर्धा रोडने स्कूटरवर जाऊन आले, पेट्रोलला दीडशे रुपये लागले. फाटकावर ओळखपत्र म्हणून आधार कार्ड दाखवावे लागले, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली गेली आणि सुरक्षा बूट नसल्यामुळे त्यांच्याकडचे एक माप मोठे बूट घालून मी शेडमध्ये फिरले. कारखान्यात पहिल्यांदा जाणाऱ्याने आपले बूट सोबत न्यावेत. दोन तासांत चौदा एसओपींची यादी ठरली. मूळ पाने एकेचाळीस होती.

यानंतर कागदपत्रांचा भाग आला आणि येथेच मी सर्वांत जास्त गोंधळले. कोटेशन २१ जूनला दिले: एकेचाळीस पाने, दोन भाषा, पानाला प्रत्येक भाषेचे साडेतीनशे रुपये, म्हणजे २८,७०० रुपये. पन्नास हजारांखालच्या कामाला त्यांच्या नियमाप्रमाणे एकच कोटेशन चालत होते, त्याच्यावर तीन कोटेशने लागली असती आणि आणखी दोन आठवडे गेले असते. म्हणून पहिल्या कामाची रक्कम सांगण्याआधी ही मर्यादा खरेदी विभागाला विचारून घ्यावी. नंतर विक्रेता म्हणून नोंदणीचा अर्ज आला. त्यासोबत पॅन, रद्द केलेला धनादेश, लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी झाल्याचे उद्यम प्रमाणपत्र, गोपनीयतेचा करार आणि जीएसटी नोंदणी नसल्याचे लेटरहेडवरचे पत्र हवे होते. माझी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या खूप खाली असल्यामुळे सेवांसाठी जीएसटी नोंदणी मला सक्तीची नाही, पण तसे लिहून न दिल्यास अर्ज पुढे जात नाही. करारासाठी शंभर रुपयांचा स्टँप पेपर घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून अशा कामांना पाचशे रुपयांचा लागू लागला, हे आता ही प्रक्रिया करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

उद्यम प्रमाणपत्र माझ्याकडे नव्हते. ते udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे विनाशुल्क मिळते. त्यासाठी पैसे मागणारी इतर पाने शोधात वर दिसतात, ती टाळावीत. माझी नोंदणी घरबसल्या त्याच संध्याकाळी झाली. खरेदी विभागाला हे प्रमाणपत्र का हवे असते, हे तेथील लेखापालांनी समजावून सांगितले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागते, आणि तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ती प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरली जाते. त्यामुळे पुरवठादार या वर्गात बसतो का, याची नोंद तेच ठेवू लागले होते. माझ्यासाठी यातून एवढेच निघाले की, हे प्रमाणपत्र पत्र लिहिण्याआधीच तयार असायला हवे होते. ते असते तर दोन दिवस वाचले असते.

विक्रेता क्रमांक २७ जूनला मिळाला आणि कामाचा लेखी आदेश २८ जूनला. म्हणजे माझे बारा दिवसांचे गणित कोलमडले होते आणि १ जुलैच्या आत सगळे होणे शक्य नव्हते. आदेशाआधी तोंडी सांगण्यावर काम सुरू करावे का, हा मोह मला २२ तारखेपासून पडला होता. मी ते केले नाही, पण तसे अधिकाऱ्यांना स्पष्ट लिहिले आणि सोबत विचारले की, पहिल्या आठवड्यात कोणत्या एसओपींवाचून अडेल. पहिले पाच दिवस परिचय आणि सुरक्षा प्रशिक्षणात जाणार असल्यामुळे सहाच लागतील, असे त्यांनी कळवले. त्या सहा ५ जुलैला दिल्या, उरलेल्या आठ १९ जुलैपर्यंत. घोषणेतली तारीख पाहून पत्र लिहिताना खरेदीच्या कागदपत्रांना लागणारा एक आठवडा मी धरला नव्हता. आता तो धरून मोजते.

कामातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पहिल्या मसुद्यात मी ‘आपत्कालीन थांबा कळ’ असे लिहिले होते. पाळीचे सुपरवायझर ते वाचून म्हणाले, “मॅडम, घाईत हे कोण वाचणार? पोरं त्याला लाल बटण म्हणतात.” मी ते बदलले. पाना, जॉब, गार्ड, टॉर्क हे शब्दही तसेच ठेवले, कारण यंत्रावरचा माणूस जे शब्द बोलतो तेच कागदावर दिसले तर त्याला कागद आपला वाटतो.

बिल २२ जुलैला दिले आणि पैसे ३० ऑगस्टला आले, म्हणजे एकोणचाळीस दिवसांनी.

हे एक पत्र यशस्वी झाले, म्हणून घोषणा पाहून लिहिलेले प्रत्येक पत्र फळते असा समज होऊ नये. फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात मी अशी अकरा पत्रे पाठवली. त्यांतल्या तिघांनी उत्तर दिले आणि काम एकाच ठिकाणी मिळाले. सात पत्रांत मी घोषणेवरून पुढच्या कामाचा जो अंदाज बांधला होता, तो चुकीचा होता किंवा तो खरा आहे का, हे तपासलेच नव्हते. जाहिरात येऊन महिना झाल्यावर पाठवलेल्या दोन पत्रांना तर उत्तराची अपेक्षाच नव्हती, ती मी केवळ हुरहुर लागल्यामुळे पाठवली होती.

ऑक्टोबरमध्ये मात्र मी पुन्हा एका नव्या उत्पादनाच्या घोषणेकडे वळले. हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीने दसऱ्याच्या सुमारास बॅटरीवर चालणारा फवारणी पंप बाजारात आणला. या वेळी लेबलविषयी मी एक अक्षर लिहिले नाही. पंप विकला गेल्यावर काय होईल, याचा विचार केला: गावातल्या दुकानदाराला बॅटरी, नोझल आणि झडपेची दुरुस्ती मराठीत समजावणारी पुस्तिका लागेल, आणि पहिल्या हंगामातल्या तक्रारी आल्यानंतर ती बदलावीही लागेल. म्हणून सेवा विभागाच्या प्रमुखांना लिहिले आणि नमुना म्हणून नोझल साफ करण्याचे एक पान जोडले. चौथ्या दिवशी त्यांचे उत्तर आले. रब्बीच्या फवारणीत आलेल्या तक्रारी डिसेंबरअखेर गोळा होतील, पुस्तिकेत काय हवे ते तेव्हाच कळेल, त्यामुळे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लिहा, असे त्यांनी कळवले होते. मी वहीत सोमवार, १३ जानेवारी ही तारीख लिहिली आहे आणि तिच्याखाली तोपर्यंत करायचे एकच काम नोंदवले आहे: ओळखीच्या दोन शेतकऱ्यांकडे तो पंप चालताना पाहणे.